दर अर्ध्या तासाला ‘अपडेट?’: कामावरची सततची नजर छळ कधी बनते आणि फोनवर तिची नोंद कशी ठेवायची

सकाळी दहाचा स्टँडअप, बाराला ‘क्विक सिंक’, तीनला स्टेटस कॉल, सहाला ‘एंड ऑफ डे’ आणि मधल्या वेळेत लीडचे फोन: “किती झालं?”, “तू ऑनलाइन दिसत नाहीयेस”, “जरा स्क्रीन शेअर कर.” आयटीत किंवा बीपीओत पहिली-दुसरी नोकरी करणाऱ्या बऱ्याच जणांना हे नवीन नाही. मी स्वतः सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. प्रोजेक्टमध्ये विचारपूस होतेच आणि ती व्हायलाही हवी, हे मला माहीत आहे. पण हीच विचारपूस कधीकधी एका माणसाला नमवायचं हत्यार बनते.

अडचण अशी की यातली कुठलीही एक गोष्ट उचलून तक्रार करायला गेलात, तर ती हास्यास्पद वाटते. “सरांनी मला फोन करून अपडेट विचारला” ही काय तक्रार झाली? एचआर विचारणारच, “मग? मॅनेजरने विचारायचं नाही का?” शिवीगाळ झाली तर एक मेसेज पुरावा म्हणून पुरतो. सततच्या नजरेचं तसं नाही. तिचा त्रास एका कॉलमध्ये नसतो, सत्तर कॉलमध्ये असतो. म्हणून इथे एखादा स्क्रीनशॉट पुरत नाही, मोजणी लागते. ती फोनवर कशी करायची, ते या लेखात एका खऱ्या उदाहरणासकट सांगतो.

कडक मॅनेजर आणि छळ यात फरक काय?

कामाच्या ठिकाणच्या छळावर संशोधन करणारे ‘निगेटिव्ह अ‍ॅक्ट्स क्वेश्चनेअर’ नावाची एक प्रश्नावली वापरतात. तिची सुधारित आवृत्ती आयनार्सन, होएल आणि नोटेलार्स या तिघांनी २००९ साली मांडली. तिच्यात २२ प्रकारच्या वागणुकींची यादी आहे आणि ‘कामावर प्रमाणाबाहेर नजर ठेवणं’ हा त्यातला एक प्रकार आहे. प्रश्नावली फक्त ‘असं घडलं का’ एवढ्यावर थांबत नाही. गेल्या सहा महिन्यांत किती वेळा घडलं, तेही विचारते: कधीच नाही, अधूनमधून, महिन्याला, आठवड्याला की रोज. म्हणजे संशोधकसुद्धा एका घटनेवरून छळ ठरवत नाहीत. ते घटना किती वेळा आणि किती काळ घडते हे बघतात. आपल्यालाही तेच करायचंय.

मोजायला लागण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारा.

पहिला, विचारलेल्या माहितीचं पुढे काही होतं का? खऱ्या स्टेटस कॉलनंतर काहीतरी बदलतं. प्राधान्य बदलतं, अडलेलं काम सुटतं किंवा क्लायंटला उत्तर जातं. अर्ध्या तासापूर्वी दिलेलं उत्तरच पुन्हा मागितलं जात असेल, तर त्या कॉलचा हेतू माहिती मिळवणं नाही.

दुसरा, हे सगळ्यांना आहे की फक्त तुम्हाला? काही मॅनेजर सगळ्या टीमलाच असं पिळतात. ती वाईट सवय आहे, पण ती वेगळी समस्या आहे.

तिसरा, काम वेळेत दिल्यावर नजर सैल होते का? नवीन माणसावर आधी जास्त लक्ष असतं आणि मग ते कमी होत जातं. तुम्ही सलग तीन टास्क वेळेवर देऊनही कॉल वाढतच असतील, तर काहीतरी गडबड आहे.

चौथा, याला काही लेखी चौकट आहे का? कंपनीने तुम्हाला ‘परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन’वर ठेवलं असेल, तर त्यात उद्दिष्टं, मुदत आणि आढावा कधी होणार हे लिहिलेलं असतं. त्यानुसार होणारे कॉल छळ म्हणून मोजू नका. त्याच्या बाहेरचे मोजा.

हिरवा ठिपका नेमकं काय मोजतो?

“तू अवे होतीस” हे वाक्य अशा कॉलमध्ये हमखास येतं, म्हणून हा ठिपका काय दाखवतो ते समजून घ्या. टीम्ससारख्या अ‍ॅपमधला ‘अव्हेलेबल’चा हिरवा ठिपका तुम्ही काम करताय का हे मोजत नाही. लॅपटॉपवर हालचाल आहे का, एवढंच तो बघतो. लॅपटॉप लॉक केला किंवा काही वेळ कीबोर्ड-माऊसला हात लावला नाही, की ठिपका पिवळा होतो. मोबाइलवर अ‍ॅप मागे गेलं तरी तसंच होतं. तुम्ही वहीत लॉजिक मांडत असाल किंवा शेजारच्या सहकाऱ्याच्या स्क्रीनवर बग बघत असाल, तर ठिपक्याच्या दृष्टीने तुम्ही गायबच.

असे आकडे व्यक्तीवार दाखवण्यातला धोका साधन बनवणाऱ्यांनाही मान्य करावा लागलाय. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये ‘प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर’ आणला, तेव्हा त्यात एकेका कर्मचाऱ्याच्या नावाने आकडे दिसत होते. त्यावर बरीच टीका झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीने त्यातून नावं काढून टाकली. म्हणून ‘अवे’वरून तुम्हाला कोणी बोललं, तर ठिपक्यावर वाद घालत बसू नका. त्या वेळेत तुम्ही काय काम केलं, एवढं नोंदीत लिहा. टिकेट नंबर पुरेसा आहे.

नोंद कुठे ठेवायची? कंपनीच्या यंत्रावर नाही

नोंद स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या खात्यात ठेवायची. कंपनीचा लॅपटॉप, कंपनीच्या मेलला जोडलेली ड्राइव्ह किंवा ऑफिसच्या अकाउंटने उघडलेला ब्राउझर यातलं काहीच नको. तिथे ठेवलेलं कंपनी बघू शकते. शिवाय ज्या दिवशी तुमचं लॉगिन बंद होईल, त्या दिवशी नोंदही जाईल.

स्वतःच्या फोनवरही एक तपासणी करा. ऑफिसचं मेल फोनवर घेतलं असेल, तर अँड्रॉइडवर बहुतेक वेळा ‘वर्क प्रोफाइल’ तयार होतं. त्यातल्या अ‍ॅपच्या चिन्हावर छोटी ब्रीफकेस दिसते. त्या बाजूचा ताबा कंपनीकडे असतो, तुमच्या खाजगी बाजूचा नसतो. म्हणून नोंद ब्रीफकेस नसलेल्या अ‍ॅपमध्येच ठेवा. आयफोनवर `Settings → General → VPN & Device Management` उघडून कंपनीचं प्रोफाइल आहे का ते बघा. फोनच कंपनीने दिलेला असेल, तर तो या कामासाठी वापरूच नका.

आता सगळ्यात महत्त्वाची खबरदारी. रागाच्या भरात बरेच जण ऑफिसचे मेल आपल्या जीमेलवर फॉरवर्ड करतात किंवा लॅपटॉपच्या स्क्रीनचे धडाधड फोटो काढतात. बऱ्याच कंपन्यांत डेटा बाहेर जातोय का हे बघणारी यंत्रणा असते आणि ती असे फॉरवर्ड पकडते. मग चर्चा तुमच्या छळाची होत नाही. तुम्ही क्लायंटचा डेटा बाहेर नेला, यावर होते. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची, त्याच्याच हातात आपण कोलीत देतो.

त्यापेक्षा साधा मार्ग असा: मूळ गोष्ट कंपनीच्या सर्व्हरवरच राहू द्या, तुम्ही तिचा पत्ता लिहून ठेवा. ‘टीम्स चॅट, लीड, मंगळवार, ११:४२’ किंवा ‘मेल, विषय अमुक, ३:०५’ असं. चौकशी झाली तर एचआर आणि आयटी विभाग तो मेसेज त्यांच्या बाजूने काढू शकतात आणि त्यांनी काढलेली प्रत तुमच्या स्क्रीनशॉटपेक्षा जास्त विश्वासाची ठरते. तुमच्या वैयक्तिक व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले मेसेज आणि फोनचा कॉल लॉग मात्र तुमच्याच फोनवर आहेत. ते तुम्हालाच जपावे लागतील.

फोनवर फॉर्म बनवा, डायरी नको

नोट्स अ‍ॅपमध्ये लिहिलं तरी चालतं, पण दोन अडचणी येतात. दरवेळी वेगळ्या शब्दांत लिहिल्यामुळे पुढे मोजता येत नाही. आणि ‘हे तू नंतर बसून लिहिलंस’ असं कोणी म्हटलं, तर उत्तर देणं अवघड जातं. गुगल फॉर्ममध्ये दोन्हीची सोय आहे, कारण उत्तर पाठवताक्षणी गुगल स्वतः `Timestamp` टाकतं. घटना ११:४२ ची आणि नोंद ११:५० ची असेल, तर नोंद ताजी आहे हे आपोआप दिसतं.

फोनच्या ब्राउझरमध्ये वैयक्तिक खात्याने `forms.google.com` उघडा आणि हे आठ प्रश्न याच क्रमाने टाका:

१. कधी घडलं? (तारखेचा प्रश्न घ्या, त्यात वेळही सुरू करा)
२. प्रकार: ठरलेला कॉल / अचानक कॉल / मेसेज / स्क्रीन शेअर
३. किती मिनिटं? (फक्त आकडा)
४. काय बोललं गेलं?
५. नवीन काही विचारलं किंवा ठरलं का? हो / नाही
६. कोणासाठी? फक्त मी / सगळी टीम
७. त्या दिवशी खास कारण होतं का? हो / नाही (रिलीज, प्रॉडक्शन बंद पडणं वगैरे)
८. मूळ कुठे आहे?

२, ५, ६ आणि ७ हे प्रश्न पर्याय निवडायचे ठेवा, म्हणजे स्पेलिंग प्रत्येक वेळी एकच राहील. फॉर्मला शीट जोडा. फॉर्मची लिंक क्रोममध्ये उघडून `Add to Home screen` केलं, की तो फोनवर अ‍ॅपसारखा दिसतो. कॉल संपल्यावर नोंद करायला अर्धा-एक मिनिट लागतो. लिंक कोणालाही देऊ नका.

सातवा प्रश्न तुमच्या विरुद्ध जाणारा वाटेल, पण तो ठेवाच. रिलीजच्या आठवड्यात सगळ्यांनाच जास्त कॉल येतात. ते दिवस तुम्ही स्वतःच बाजूला काढलेत, तर उरलेल्या आकड्यांवर कोणाला बोट ठेवता येत नाही.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना भावना नको, शब्द हवेत. ही दोन वाक्यं बघा:

*“परत तेच. मला वेडं करायचं ठरवलंय याने.”*

*“म्हणाले: ‘वीस मिनिटं झाली, अजून तेवढंच?’ ११:१० च्या कॉलवर हेच सांगितलं होतं. लॉगिनच्या टेस्ट केसेस सुरू होत्या.”*

पहिलं वाक्य खोटं नाही, पण त्यात तपासण्यासारखं काही नाही. दुसऱ्यात वेळ आहे, बोललेले शब्द आहेत, आधीच्या कॉलचा संदर्भ आहे आणि तेव्हा चाललेलं कामही आहे. मनातलं लिहावंसं वाटलं तर वेगळ्या वहीत लिहा, त्याचाही उपयोग होतो. फक्त दोन्हींची सरमिसळ करू नका.

आणखी एक नियम: जुनी ओळ बदलायची नाही. शीटमध्ये केलेले बदल व्हर्जन हिस्टरीत दिसतात आणि खाडाखोड दिसली की विश्वास कमी होतो. काही चुकलं असेल तर ‘अमुक नोंदीत वेळ ४:१५ हवी’ अशी नवीन नोंद टाका.

फोनवरच्या बोलण्याचं काय?

छळणारा माणूस बऱ्याचदा मुद्दाम फोनवर बोलतो, कारण त्याचा लेखी माग राहत नाही. अशा वेळी रेकॉर्डिंग सुरू करावंसं वाटतं. पण अनेक कंपन्यांच्या धोरणात परवानगीशिवाय रेकॉर्डिंगला बंदी असते. त्यातच कॉलवर क्लायंटची माहिती आली, तर प्रकरण तुमच्यावर उलटू शकतं. शिवाय काही फोन रेकॉर्डिंग सुरू होताना तशी घोषणा करतात. म्हणून मी दुसरा उपाय सुचवतो, जो कुठल्याही ऑफिसात बसतो: कॉल संपल्यावर दोन ओळींचा मेसेज, ऑफिसच्याच चॅटवर.

*“आत्ता ४:१० च्या कॉलवर बोललो त्याप्रमाणे: पेमेंटच्या टेस्ट केसेस आज ६ पर्यंत होतील. आज याआधी ११:१०, ११:४२ आणि २:३० ला हेच अपडेट दिले आहेत. काही बदल असेल तर इथे सांगा.”*

यात आरोप नाही, टोमणा नाही. पण कितीदा विचारलं ते लीडच्याच इनबॉक्समध्ये वेळेसकट नोंदलं गेलं. हा मेसेज रोज एकदाच पाठवा, प्रत्येक कॉलनंतर नको. नाहीतर ‘हीच जास्त मेसेज करते’ असं उलटं ऐकावं लागेल.

जुने मेसेज कसे वाचवायचे?

नोंद सुरू करायच्या आधीचे दिवसही कामाचे असतात, कारण बदल नेमका कधी झाला ते त्यातून कळतं. वैयक्तिक व्हॉट्सअ‍ॅपवर लीडचं चॅट असेल, तर अँड्रॉइडवर चॅट उघडून तीन ठिपके, `More`, `Export chat` असं करा. आयफोनवर वर नाव दाबलं की खाली `Export Chat` मिळतं. तारीख-वेळेसकट मजकुराची फाइल तयार होते. ती स्वतःच्या ड्राइव्हवर ठेवा.

हे लवकर करा. समोरच्याने ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केलेला किंवा आपोआप गायब होणारा मेसेज एकदा गेला, की एक्स्पोर्टमध्ये येत नाही. फोनमधला कॉल लॉगही कायम राहत नाही, म्हणून महिन्यातून एकदा त्याचे स्क्रीनशॉट घ्या. ते व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून कोणाला पाठवून साठवू नका, त्यात फाइल दाबली जाते आणि तिच्यासोबतची मूळ माहिती निघून जाते. थेट ड्राइव्हवर चढवा. क्रॉप करू नका, लाल गोल काढू नका. लक्ष वेधायचंच असेल, तर प्रतीवर काढा.

एक्स्पोर्ट केल्यावर मूळ चॅट उडवू नका. प्रकरण कोर्टापर्यंत गेलंच, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि तो कुठल्या उपकरणातून आला, हेही त्यात येतं. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. म्हणून फोन बदललात तरी जुना लगेच विकू नका.

एक उदाहरण: चार आठवडे, ७१ कॉल

माझी एक मैत्रीण पुण्यात टेस्टिंगचं काम करते. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही. अप्रेझलमध्ये मिळालेल्या रेटिंगबद्दल तिने लेखी प्रश्न विचारला आणि त्यानंतर लीडचे फोन वाढले. तिला तसं वाटत होतं. पण ‘वाटतंय’ एवढंच सांगून कोणी ऐकणार नव्हतं. तिने वरचाच फॉर्म चार आठवडे भरला. एक सुट्टी आणि एक रजा सोडून कामाचे १८ दिवस झाले.

मग शीटच्या उजवीकडच्या रिकाम्या खणांत तिने तीन सूत्रं टाकली. पहिला स्तंभ गुगलच्या वेळेचा असल्यामुळे ‘प्रकार’ C मध्ये येतो, मिनिटं D मध्ये, ‘नवीन काही’ F मध्ये, ‘कोणासाठी’ G मध्ये आणि ‘खास कारण’ H मध्ये.

```
=COUNTIF(C2:C300,"अचानक कॉल")
=SUMIFS(D2:D300,C2:C300,"अचानक कॉल")/60
=COUNTIFS(C2:C300,"अचानक कॉल",F2:F300,"नाही",G2:G300,"फक्त मी",H2:H300,"नाही")
```

पहिल्याचं उत्तर आलं ७१. ठरलेल्या कॉल्सव्यतिरिक्त एवढे अचानक कॉल. दुसऱ्याचं आलं १०.६७, म्हणजे साडेदहा तासांहून जास्त वेळ, कामाचा सव्वा दिवस नुसता ‘किती झालं’ यात गेला. तिसरं सूत्र सगळ्यात कामाचं. ७१ पैकी २४ कॉल रिलीजच्या आठवड्यातले होते, ते तिने ‘खास कारण: हो’ म्हणून आधीच बाजूला काढले होते. उरले १३ दिवसांतले ४७. त्यातले ४१ कॉल फक्त तिला होते आणि त्यात नवीन काहीच विचारलं किंवा ठरलं नव्हतं. शाळेतल्या भाषेत सांगायचं तर साधे दिवस घेतले तरी रोज सरासरी तीनदा विनाकारण फोन.

मग तिने व्हॉट्सअ‍ॅपची एक्स्पोर्ट फाइल काढली. रेटिंगवरच्या प्रश्नाआधीच्या महिन्यात लीडचे कामासंबंधी ९ मेसेज होते, नंतरच्या महिन्यात ६४. तिचं काम तेच होतं, टीम तीच होती. मध्ये फक्त तो एक मेल गेला होता.

हे तिने एका पानावर मांडलं. वर चार आकडे, खाली नमुन्यादाखल पाच नोंदी आणि शेवटी एक मागणी: दिवसातून दोन ठरलेले अपडेट, मधलं सगळं टिकेटवर लेखी, फोन फक्त प्राधान्य बदललं तर. ‘छळ’ हा शब्द तिने पानावर लिहिला नाही. हे पान घेऊन ती लीडच्या वरच्या मॅनेजरला आणि एचआरला एकत्र भेटली.

लीडचं उत्तर अपेक्षित होतं: “क्लायंटचं प्रेशर होतं.” पण रिलीजचा आठवडा आधीच वेगळा काढलेला असल्यामुळे ते टिकलं नाही. “मी सगळ्यांनाच फोन करतो” हे दुसरं उत्तर. इथे तिची बाजू थोडी कमकुवत होती, कारण दुसऱ्यांना किती फोन येतात हे तिला पूर्ण माहीत असणं शक्य नव्हतं. तिने दोन सहकाऱ्यांना विचारलं होतं आणि पानावर ‘माझ्या माहितीनुसार’ असंच लिहिलं होतं. त्यामुळे ते खोडून काढता आलं नाही. एचआरनेच मग टीम्सचा कॉल इतिहास मागवला.

दोन अपडेटची मागणी मान्य झाली. फोन जवळपास थांबले. रेटिंग मात्र बदललं नाही. तिने पुढचे दीड महिने फॉर्म भरणं चालू ठेवलं, कारण अशा भेटीनंतर सूड म्हणून वागणूक बिघडली, तर तोही नमुन्याचाच भाग असतो.

या नोंदीने काय होतं आणि काय होत नाही?

आपल्याकडे कामाच्या ठिकाणच्या सर्वसाधारण छळासाठी वेगळा असा कायदा नाही. त्यामुळे पहिली लढाई बहुतेक वेळा कंपनीच्या आतच होते: आचारसंहिता, तक्रार निवारणाचं धोरण, वरचा मॅनेजर. तुमच्या कंपनीच्या धोरणात ‘हॅरॅसमेंट’ची व्याख्या काय लिहिलीय, ते तक्रारीआधी वाचा आणि त्यातलेच शब्द तक्रारीत वापरा.

या सततच्या नजरेत लैंगिक स्वरूपाचं काही असेल, म्हणजे उगाच व्हिडिओ सुरू करायला लावणं, दिसण्यावर शेरे, रात्रीचे खाजगी कॉल, तर महिला कर्मचाऱ्यांसाठी रस्ता वेगळा आहे. २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करता येते. त्यासाठी शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांची मुदत असते, म्हणून तिथे चार आठवडे मोजत बसू नका. जातीवरून बोललं जात असेल, तर तोही वेगळा आणि गंभीर विषय आहे. वकिलाचा सल्ला घ्या.

नोंद ठेवण्याचा एक तोटाही सांगतो. प्रत्येक कॉल लिहिताना तो पुन्हा जगावा लागतो आणि काही जणांची झोप त्याने आणखी उडते. म्हणून कॉलनंतर लगेच नोंद करा, फॉर्म बंद करा आणि शीट फक्त आठवड्यातून एकदा उघडा. फोन वाजला की छातीत धडधडतंय, रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येतोय असं होत असेल, तर टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत नंबरवर बोला किंवा डॉक्टरांना भेटा. डॉक्टरांचे कागदही तारखेसकट जपून ठेवा.

आणि शेवटची गोष्ट: चार आठवड्यांनी आकडे तुमच्या बाजूने आले नाहीत, असंही होऊ शकतं. कॉल वाटले होते तितके नव्हते किंवा सगळ्या टीमलाच तेवढे होते, असं दिसेल. तरी ती माहिती वाया जात नाही. मग विषय तक्रारीचा उरत नाही, टीमच्या मीटिंगमध्ये ‘आपले स्टेटस कॉल कमी करूया’ म्हणून मांडायचा होतो, आणि मांडताना ‘आपल्या टीमचे आठवड्याला एवढे तास यात जातात’ हा आकडा तुमच्याकडे तयार असतो.